करड्या मोज्याचं करडू

गेल्या दिवाळीत, भाऊबीजेच्या संध्याकाळी, आमच्या निपाणीच्या घरी सोप्यात नऊ माणसांसमोर सात मिनिटांचा एक खेळ झाला. बाहुल्या दोनच, दोन्ही मोज्यांच्या. एक माझ्या पाच वर्षांच्या लेकीच्या हातात, दुसरी माझ्या. बायको पडद्याबाहेर बसून प्रेक्षकांवर आणि आमच्यावर लक्ष ठेवून होती. अंकासाठी घरचं काहीतरी लिहून द्या असा निरोप आला, तेव्हा मला हेच आठवलं. आपल्यापैकी कुणाला घरी करून बघायचं असेल म्हणून कसं केलं तेही लिहितो. आमच्या चुका मोजून ठेवल्यासारख्या लक्षात आहेत, त्यांचा उपयोग होईल.

पण आधी मोजा कुठून आला ते सांगायला हवं.

माझे बाबा निपाणीत तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. शुगर जुनी. गेल्या उन्हाळ्यात डाव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती चिघळत गेली आणि शेवटी गुडघ्याखाली पाय काढावा लागला. ऑपरेशन बेळगावात झालं, आम्ही बेळगावातच टिळकवाडीत राहतो, त्यामुळं पंधरा दिवस ते आमच्याकडं होते. एका सकाळी नर्स पट्टी बदलत असताना लेक खोलीत शिरली. तिनं जे बघितलं त्यावर ती काही बोलली नाही. त्या दिवसापासून मात्र ती आजोबांच्या खोलीच्या उंबऱ्यावरच थांबायची. आम्हीही एक शहाणपणा केला. तिला बजावून सांगितलं, ‘आजोबांच्या पायाबद्दल काही विचारायचं नाही.’ बाबा निपाणीला परत गेले, पण सोप्यातल्या त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसेनासे झाले. कुणी आलं की आतल्या खोलीतूनच बोलायचे. आज्जीच्या घरी जायचं म्हटलं की लेक विचारायची, ‘आजोबा आत असणार ना?’

गणपतीत गेलो तेव्हा आईनं जुने कपडे एका पिशवीत भरून दिले, गाडी पुसायला. घरी येऊन पिशवी उपसली तर लेकीच्या हाती तीन करडे मोजे लागले, अगदी कोरे. मी फोन केला, ‘आई, नवे मोजे कशाला दिलेस?’ ती म्हणाली, ‘नव्या सहा जोड्या पडल्यात की रे. आता एकेकच लागतो.’

लेकीनं एक मोजा हातात घातला, कोपराच्या वरपर्यंत गेला. ‘बाबा, हे करडू आहे,’ ती म्हणाली. करडा रंग, म्हणून करडू. शाळेत त्याच आठवड्यात प्राण्यांची पिल्लं झाली होती. मी त्या क्षणी हसलो आणि पुढचे सहा शनिवार त्यातच गेले.

मधुमेही माणसाचे मोजे साध्या मोज्यांसारखे नसतात, हे मला करताना कळलं. वरचं इलॅस्टिक मुद्दाम सैल असतं, पायाचं रक्त अडू नये म्हणून. बोटांजवळची शिवण सपाट असते, टोचू नये म्हणून. आणि बाबांच्या मोज्यांचा तळवा पांढरा होता. संवेदना कमी झालेल्या पायाला जखम झालेली कळत नाही, रक्ताचा डाग पांढऱ्यावर लगेच दिसतो. या तीनही गोष्टी बाहुलीत उतरल्या. शिवण सपाट असल्यानं नाकाड गुळगुळीत झालं. पांढरा तळवा खालच्या बाजूला घेतला, तर करडाला पांढरा गळा मिळाला आणि टाचेचा फुगवटा गळ्याखालच्या लोंबत्या कातड्यासारखा दिसू लागला. सैल इलॅस्टिकचा मात्र त्रास झाला. हात वर केला की मोजा घसरून मनगटावर गोळा व्हायचा. शेवटी लेकीच्या फ्रॉकच्या बाहीला दोन सेफ्टीपिना लावून तो टांगला.

पहिल्या शनिवारी आम्ही सगळ्यात सोपा प्रकार केला. बोटं मोज्याच्या टोकात, अंगठा टाचेत, मधलं कापड आत ढकललं की तोंड तयार. मोठ्या माणसाच्या हाताला हे जमतं. पाच वर्षांच्या मुलीचा पंजा जेमतेम बारा सेंटिमीटर. बोटं टोकाला पोचली तर टाच तिच्या मनगटाच्या खूप मागं राहते, अंगठा तिथं जाणार कसा? तिचं करडू तोंड उघडायचंच नाही, नुसतं मुठीसारखं वळायचं. ती रडकुंडीला आली. मग ठरवलं की खरं तोंड बसवायचं.

त्यासाठी मोज्याचं टोक शिवणीच्या रेषेत एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत कापायचं आणि त्या फटीत पुठ्ठ्याचं तोंड शिवायचं. पुठ्ठ्याची निवड मी दोनदा चुकलो. पहिल्यांदा कुरिअरच्या खोक्याचा नळ्यांचा पुठ्ठा घेतला, तो नको तिथं मुडपला. दुसऱ्यांदा मिठाईच्या खोक्याचा घेऊन मधोमध दुमडला, तो दुपारपर्यंत टिकला. एकाच रेषेवर शंभर वेळा उघडमिट झाली की कागद फाटणारच. तिसऱ्यांदा जुन्या रजिस्टरचं जाड कव्हर कापलं, पण दुमडलं नाही. अर्धवर्तुळासारखे दोन वेगळे तुकडे केले, प्रत्येक साडेपाच सेंटिमीटर रुंद आणि पाच खोल, म्हणजे लेकीची चार बोटं वरच्या तुकड्यावर मावतील इतके. सरळ कडा समोरासमोर ठेवून मध्ये दोन-तीन मिलिमीटर फट सोडली आणि दोन्ही बाजूंनी कापडी चिकटपट्टी लावली. बिजागरीसारखं. वाकायचं काम पट्टी करते, पुठ्ठ्यावर ताण येत नाही. हे तोंड अजून शाबूत आहे.

तोंडाच्या आतून बायकोनं लाल खणाचा तुकडा चिकटवला. फेविकॉल कापडातून पलीकडं उतरतो, म्हणून पातळ थर देऊन रात्रभर वजनाखाली ठेवला. ग्लू गनचा विचार आला होता, पण लेक शेजारी बसून करणार म्हटल्यावर सोडून दिला. मोज्याची कापलेली कड आत दुमडून पुठ्ठ्याच्या कडेच्या खणाला शिवली. इथं साधा धावदोरा घालू नका. मोज्याचं कापड ताणतं, धावदोरा ताणत नाही, पहिल्याच खेळात तटकन तुटतो. काजाचा टाका घातला तर तो कापडाबरोबर थोडा देतो.

आणि एक गोष्ट, ज्याशिवाय लहान मुलाच्या हातात हे सगळं व्यर्थ आहे. पुठ्ठ्याच्या पाठीमागं, म्हणजे मोज्याच्या आत, खडेबाजारातून आणलेल्या रुंद इलॅस्टिकच्या दोन पट्ट्या शिवल्या. वरच्या पट्टीखाली चार बोटं, खालच्या पट्टीखाली अंगठा. त्या नसतील तर तोंड उघडताना पुठ्ठा बोटांवरून घसरतो, आणि मूल सगळी ताकद तो पकडण्यात घालवतं. पट्ट्या लागल्या त्या दिवशी करडानं पहिल्यांदा तोंड उघडलं. लेक कितीतरी वेळ नुसतं उघडमिट करत बसली होती.

डोळ्यांची गंमत वेगळीच. शर्टाची दोन पांढरी बटणं आणि बुबुळं म्हणून बायकोच्या काळ्या टिकल्या. मी इंजिनिअर माणूस, टेबलावर मोजा सपाट ठेवला, पट्टीनं मधली रेषा काढली, दोन्ही बाजूंना समान अंतरावर बटणं शिवली. हात आत गेल्यावर मोजा फुगला आणि डोळे माशासारखे दोन बाजूंना गेले. एक डोळा खिडकीकडं, एक स्वयंपाकघराकडं. ‘हे कुणाकडं बघायलंय?’ असं लेकीनंच विचारलं. डोळे हात आत असतानाच ठरवायचे असतात. मग तिनं हात घातला, मी कणकेच्या गोळ्यांनी बटणं तात्पुरती चिकटवली आणि बायको खोलीच्या पलीकडल्या टोकाला उभी राहून सांगत गेली: आणखी जवळ, आणखी पुढं. शेवटी डोळे तोंडाच्या अगदी वर आले, दोन्हींमध्ये जेमतेम एक बोटाचं अंतर. टिकल्या बटणांच्या मध्यभागी न लावता थोड्या नाकाच्या बाजूला लावल्या, आणि एकदम करडू आमच्याकडं बघायला लागलं. दोन-तीन मिलिमीटरचा फरक. टिकली असल्यानं ती काढून पुन्हा लावता येते, हा मोठा फायदा. बटणं मात्र दोऱ्याचे सात-आठ वेढे देऊन पक्की केली, कारण निपाणीत भावाचं दोन वर्षांचं बाळ होतं आणि त्याला सगळं तोंडात घालून बघायचं असतं.

कान तिसऱ्या मोज्याच्या टाचेचे, लोंबते. दुसरी बाहुली माझ्या ऑफिसच्या काळ्या मोज्याची: काळू नावाचा कुत्रा.

आता बोलणं. मोबाइलवर पहिला व्हिडिओ काढला आणि तिघंही गोंधळलो. आवाज करडाचा, तोंड करडाचं, पण बोलतंय असं वाटेना. चार-पाच वेळा बघितल्यावर कळलं की लेक प्रत्येक शब्दाला तोंड मिटत होती. हाताची सवयच तशी असते, जोर मूठ मिटताना लागतो, म्हणून आवाजाबरोबर आपण मिटतो. त्यामुळं बाहुली शब्द चावते आहे असं दिसतं. खरं तर शब्द सुटताना तोंड उघडायला हवं. दुसरी चूक माझी स्वतःची होती. मी बोटं वर उचलत होतो, म्हणजे काळूचा टाळू उडत होता आणि डोळे प्रत्येक शब्दाला आढ्याकडं जात होते.

इथं मला अर्धवटराव आठवले. यशवंत पाध्ये आणि नंतर रामदास पाध्ये यांनी महाराष्ट्रभर बोलता केलेला तो बाहुला आमच्या पिढीनं टीव्हीवर बघितलेला आहे. बोलताना त्याचा खालचा जबडा हलतो, वरचा जागेवरच राहतो. माणसाचंही तसंच आहे, आपला वरचा जबडा जागचा हलत नाही. मोज्याच्या बाहुलीत जबडा म्हणजे अंगठा. बोटं स्थिर ठेवायची आणि अंगठा खाली पाडायचा. लेकीला हे सांगून कळलं नाही. मग तिनंच त्याचा नियम केला: ‘करडू शब्द खात नाही, थुंकतं.’ थुंकायचं म्हटल्यावर हात बरोबर उघडू लागला. प्रत्येक अक्षराला उघडायचा हट्ट सोडून दिला, एका शब्दाला एकदा पुरे. ‘बेंऽऽ’ हा तर आयताच मिळालेला संवाद होता, आवाज संपेपर्यंत तोंड उघडं ठेवायचं एवढंच. वाघ-सिंह करण्यापेक्षा शेळीचं पिल्लू निघालं हे आमचं नशीब.

मोज्याची बाहुली म्हणजे पोरखेळ असं मलाही वाटायचं. पण अमेरिकेत शेरी लुईस यांची लँब चॉप ही मोज्याची मेंढीच होती आणि ती कित्येक वर्षं टीव्हीवर बोलली. जिम हेन्सन यांनी 1955 साली पहिला कर्मिट केला तो आईच्या टाकून दिलेल्या कोटाचा, डोळे पिंगपाँगचा चेंडू अर्धा कापून. आणि आपल्याकडं तर आंबोली घाट उतरून गेलं की कुडाळजवळ पिंगुळी आहे. तिथं ठाकर समाजाचे कलाकार कळसूत्री बाहुल्या पिढ्यान्‌पिढ्या नाचवत आले आहेत, त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. दोन वर्षांपूर्वी आम्ही तिकडं गेलो होतो. तेव्हा बघितलेली एक गोष्ट आता कामाला आली. दोऱ्यांवरच्या बाहुल्यांत जिचं बोलणं चाललंय ती हलते आणि बाकीच्या गप्प उभ्या राहतात, म्हणून आवाज कुणाचा ते शेवटच्या रांगेतही कळतं. आमच्या तालमीत करडू बोलत असताना माझा काळू उगाच मान डोलवत होता. मी हात थांबवला आणि करडाचं बोलणं अचानक स्पष्ट झालं. गप्प राहणं हे मला सगळ्यात अवघड गेलं, ऑफिसच्या मीटिंगमध्येही जातं.

आता गोष्ट काय करायची? मी आधी दोन पानं संवाद लिहिले. लेकीनं पहिली ओळ पाठ केली आणि तिसरी म्हटली. पाच वर्षांच्या मुलाला ओळी पाठ करायला लावलं की त्याचं सगळं लक्ष आठवण्यात जातं आणि हात लुळा पडतो. मग पानं टाकून दिली आणि तिला विचारलं, ‘करडाला काय पाहिजे?’ ती म्हणाली, ‘त्याचा जोडीदार हरवलाय. मोज्याचा दुसरा मोजा.’ झाली गोष्ट. करडू आपला जोडीदार शोधतं, काळू वास घेऊन मदत करतो. काळू पडद्यावरून वाकून प्रेक्षकांच्या पायांचा वास घेणार आणि प्रत्येक पायाला काहीतरी म्हणणार. चार चित्रं काढून पडद्याच्या मागच्या बाजूला क्रमानं चिकटवली: रडणारं करडू, कुत्रा, पाय, दोन मोजे. ती चित्र बघायची आणि मनानं बोलायची. रोज वेगळं बोलायची, पण गोष्ट चुकायची नाही.

तिसऱ्या तालमीला बायकोनं मला बाजूला घेतलं. ‘पायांचा वास घेत घेत जाणार, आणि बाबांच्यापाशी आल्यावर?’

माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही दोघं रात्री बराच वेळ बोलत बसलो. गोष्ट बदलावी तर ती लेकीची होती. शिवाय बाबा बाहेर येऊन बसतील याची खात्रीच नव्हती. शेवटी ठरलं की बाबा आले तरी त्यांची खुर्ची पार टोकाला ठेवायची आणि त्यांच्या आधी, शेजारच्या काकूंपाशीच जोडीदार सापडवायचा. काकूंच्या मांडीवर रुमालाखाली तिसऱ्या मोज्याचा उरलेला तुकडा ठेवायचा. लेकीला कारण सांगितलं नाही. ‘काकूंकडं सापडतो बरं का,’ एवढंच. तिनं मान हलवली.

निपाणीत पोचल्यावर सकाळीच आम्ही पडदा बांधून बघितला. सोपा आणि माजघर यांच्यामधल्या दाराला आईचं जुनं लुगडं आडवं बांधलं. पडद्याची उंची हा आमच्या आधीच्या तालमींचा धडा होता. पडदा मुलाच्या हनुवटीइतका असला की ते सारखं वरून डोकावतं, आणि फार उंच असला की हात ताणून मिनिटभरात दुखायला लागतो. कोपर खांद्याच्या उंचीला टेकून बाहुली वर दिसायला हवी. म्हणून लुगड्याची वरची कड लेकीच्या डोळ्यांच्या किंचित वर घेतली, आत तिच्या खांद्याच्या उंचीला धान्याचा डबा ठेवला आणि त्यावर उशी. कोपर उशीवर टेकून ती पाच-सहा मिनिटं आरामात खेळू शकायची. ती उभी, मी तिच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून. माजघरातला दिवा लावला तर लुगड्यावर आमच्याच सावल्या पडत होत्या, म्हणून तो बंद आणि सोप्यातली ट्यूब चालू. प्रेक्षक सतरंजीवर खाली बसणार, त्यामुळं मनगट चांगलं पुढं वाकवलं नाही तर बाहुली त्यांच्या डोक्यावरून भिंतीकडं बघते. ‘समोरच्यांच्या गुडघ्यांकडं बघायचं,’ असं लेकीला सांगितलं होतं.

एवढं होईपर्यंत ती दिसेनाशी झाली. शोधत गेलो तर आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी, हात दाराच्या चौकटीतून आत. हातात करडू. ती स्वतः भिंतीआड होती. खोलीत फक्त करडू गेलेलं होतं.

‘बेंऽऽ.’

आतून काही आवाज नाही. मग बाबा म्हणाले, ‘कुणाचं गं हे करडू?’

‘आजोबांच्या मोज्याचं,’ करडू म्हणालं. तोंड बरोबर उघडलं होतं, तेही माझ्या लक्षात आलं.

‘असं व्हय?’

‘संध्याकाळी खेळ आहे. बाहेर यायचं.’

मी तिथून निघून आलो.

संध्याकाळी फराळाची ताटं फिरली, शेजारचे काका-काकू आले, भाऊ, वहिनी, त्यांची दोन मुलं, आई, बायको. आणि पडदा सरळ करायला मी वाकलो असताना वॉकरचा टक टक आवाज आला. बाबा आले आणि खुर्चीत बसले. आम्ही टोकाला ठेवलेली खुर्ची त्यांनी वॉकरनंच ढकलून मधे घेतली होती. नऊ झाले.

खेळ सुरू झाला. करडू रडलं, जरा जास्तच. काळू आला. आम्ही एकमेकांच्या बोलण्यात दोनदा घुसलो, एकदा करडाचा कान पडद्याच्या पिनेत अडकला. काळूनं भावाच्या मोठ्या मुलाच्या पायाचा वास घेऊन बेशुद्ध पडायचं नाटक केलं, त्याला सगळ्यात मोठं हसू मिळालं. काकांचा पाय झाला, वहिनीचा झाला. मग काकू. काकूंनी ठरल्याप्रमाणं रुमाल उचलून तुकडा दाखवला.

करडानं तुकड्याकडं बघितलं. आणि लेक म्हणाली, ‘हा न्हवे. हा फाटलेला आहे.’

पडद्यामागं मी तिच्याकडं बघितलं. ती माझ्याकडं बघतच नव्हती. मनगट वाकवून करडू पुढच्या माणसाकडं वळलं होतं. पुढचा माणूस म्हणजे बाबा. सोप्यात सगळे गप्प झाले. काळूला तिथं काहीतरी बोलायला हवं होतं, मला सुचलं नाही.

‘आजोबा,’ करडू म्हणालं, ‘तुमच्याकडं आहे का माझा जोडीदार? तुमचा एक पाय कुठंय?’

आम्ही बजावलेला प्रश्न. चार महिने तिनं तो धरून ठेवला होता.

लुगड्याच्या फटीतून मला बाबांचं तोंड दिसत नव्हतं, गुडघ्याखालचं तेवढं दिसत होतं. त्यांनी धोतर थोडं वर घेतलं आणि उजवा पाय पुढं केला. पायात करडा मोजा होता. पांढऱ्या तळव्याचा. सकाळी ते अनवाणी होते.

‘एक पाय न्हाई बघ आता. तो दवाखान्यात ऱ्हायला,’ बाबा म्हणाले. ‘पर तुझा जोडीदार हाय. हा घे. वास घे म्हणावं कुत्र्याला.’

काळूनं वास घेतला. काय म्हणालो ते मला आठवत नाही. लेक मात्र पडद्यातून बाहेर गेली, सेफ्टीपिना तशाच लटकलेल्या, आणि खुर्चीपाशी बसून करडाचं तोंड बाबांच्या पायाच्या मोज्याला लावून बसली. चौथं चित्र, दोन मोज्यांचं, पडद्यामागंच राहिलं. तिनं डाव्या बाजूला धोतराकडं बघितलं आणि विचारलं, ‘दुखतं?’ बाबा म्हणाले, ‘कधीकधी. नसलेली बोटं खाजवतात.’ ते तिला भारी गमतीचं वाटलं. ‘नसलेली?’ असं तिनं तीनदा विचारलं आणि बाबांनी तीनदा सांगितलं. आई उठून चहा ठेवायला गेली.

खेळाचा शेवट तसा झालाच नाही. भावाच्या मुलांनी काळूचा ताबा घेतला आणि तासाभरात त्याचं एक बटण ढिलं केलं. बाबांनी करडू मागून घेतलं, हात आत घालायला गेले आणि वरची इलॅस्टिकची पट्टी तुटली. ती पाच वर्षांच्या बोटांच्या मापाची होती. आईनं तिथंच सुई-दोरा काढून मोठी पट्टी लावली. बेळगावला निघताना लेकीनं करडू गाडीत घेतलं नाही. माप मोठं केलंय म्हणाली, आता ते तिकडंच राहू दे.

पुढच्या रविवारी निपाणीहून व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर करड्या मोज्याचं मोठं डोकं, मागं सोप्यातली खिडकी, आणि घोगऱ्या आवाजात ‘बेंऽऽ’. लेक फोनजवळ तोंड नेऊन बघत राहिली.

‘आजोबा,’ ती म्हणाली, ‘तुम्ही शब्द खायलाय. थुंकायचे असतात.’